तुझं लिंक्डइन: प्रोफाइलचा मजकूर आणि आठवड्याचं टाइमटेबल

अरे, काल टपरीवर म्हणालास ना की लिंक्डइनवर बाराशे कनेक्शन आहेत पण तीन वर्षांत एक धड इन्क्वायरी नाही आली, म्हणून रात्री जेवल्यावर तुझं प्रोफाइल उघडून नीट बघितलं. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून लावलाय, खांद्यावर दुसऱ्याचा हात दिसतोय. हेडलाइनला नुसतं "सेल्स इंजिनीअर". आणि अबाउटमध्ये ते "डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड प्रोफेशनल" वगैरे, जे तूही लिहिलेलं नाहीस आणि वाचणारही कुणी नाही. तू ज्यांना कॉम्प्रेसर विकतोस तो प्लँटमधला मेंटेनन्सवाला माणूस हे बघून काय समजणार, की हा विमा विकतो की बेअरिंग?

म्हणून सगळं नव्याने लिहून देतोय. मुद्दाम मराठीत. नंतर तू इंग्रजी कर, पण आधी मराठीत लिहिलं की पोकळ शब्द आपोआप गळतात, "गतिमान, निकालाभिमुख व्यावसायिक" असं लिहून बघ, स्वतःलाच हसू येईल.

हेडलाइन (२२० अक्षरं मिळतात, पण मोबाइलवर सुरुवातीचीच दिसतात म्हणून कामाचं आधी):

"कॉम्प्रेस्ड एअरचं वीजबिल कमी करून देतो | स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर, पाइपिंग, लीकेज सर्व्हे | चाकण, रांजणगाव, भोसरी | आधी सर्व्हिस, आता सेल्स"

अबाउट:

"कॉम्प्रेसर घेताना जेवढे पैसे जातात त्याच्या कितीतरी पट पैसे तो चालवताना विजेत जातात. आणि त्यातली बरीच हवा मशीनपर्यंत पोचतच नाही, वाटेतच गळते.

मी ९ वर्षं याच लाइनमध्ये आहे. पहिली ३ वर्षं सर्व्हिसला होतो, रात्री दोनला ट्रिप झालेला कॉम्प्रेसर उघडून हात काळे केलेत. नंतरची ६ वर्षं सेल्सला. प्रेस शॉप, फाउंड्री, प्लॅस्टिक मोल्डिंग आणि पॅकेजिंगवाल्यांसोबत जास्त काम झालंय.

नवीन प्लँटला गेलो की आधी एक साधी गोष्ट करतो. सुट्टीच्या दिवशी प्रॉडक्शन बंद असताना कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि घड्याळ लावून बघायचं की किती वेळ लोड घेतो, किती वेळ अनलोड राहतो. हवा वापरणारं कुणीच नाही, तरी १० मिनिटांतली ३ मिनिटं लोड घेतला तर ३० टक्के हवा गळतेय. एवढं कळायला माझ्याकडून काही विकत घ्यावं लागत नाही.

कधी कधी लीकेज बंद केल्यावर दोनातला एक कॉम्प्रेसर स्टँडबायला जातो आणि माझी नव्या मशीनची ऑर्डरही जाते. चालतं. दोन वर्षांनी एक्स्पान्शन निघालं की फोन मलाच येतो.

लोड-अनलोडचे आकडे असतील तर मेसेजमध्ये टाका, त्याच दिवशी हिशोब करून पाठवतो."

तो शेवटून दुसरा परिच्छेद काढू नकोस. बॉस म्हणतील की ऑर्डर गेली असं कशाला लिहायचं, पण अख्ख्या प्रोफाइलमध्ये विश्वास बसेल अशी तीच एक जागा आहे.

एक्स्पीरियन्समध्ये टार्गेट ११८ टक्के, क्लब मेंबर, बेस्ट परफॉर्मर हे सगळं उडव, ते एचआरसाठी असतं आणि गिऱ्हाइकाला तर ते वाचून वाटतं की हा आता आपल्याला गळ्यात मारणार. त्याऐवजी हे टाक:

"पुणे जिल्ह्यातल्या छोट्या-मध्यम प्लँटसाठी ११ ते ११० किलोवॅट रेंजचे स्क्रू कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एअर पाइपिंग. साइझिंग स्वतः करतो. एका प्रेस शॉपमध्ये प्रेशर ८ बारवर सेट होतं, प्रत्यक्षात गरज ७ ची निघाली. एक बार कमी केलं की साधारण ६-७ टक्के वीज वाचते, तिथे मशीन न बदलता फक्त सेटिंग बदललं आणि एक जुनी बारीक पाइपलाइन बदलली."

फोटो नवीन काढायचा, चेहरा स्पष्ट, साधा शर्ट. मागच्या बॅनरला कंपनीचं ब्रोशर नको, कॉम्प्रेसर रूमचा फोटो लाव, १५८४ बाय ३९६ पिक्सेल. पण आपल्या वर्कशॉपमधला, गिऱ्हाइकाच्या प्लँटमधला अजिबात नाही, गेटवर कॅमेऱ्याला स्टिकर लावतात ते उगाच नाही. प्रोफाइलच्या लिंकमधले ते शेपटीचे आकडे पण काढून टाक, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे, व्हिजिटिंग कार्डवर छापता येते मग.

आता आठवडा. एकूण अडीच तासांच्या वर वेळ द्यायचा नाही, नाहीतर व्हिजिट सोडून रील बघत बसशील, मी बसलोय.

सोमवार, सेल्स मीटिंगच्या आधी अर्धा तास. फक्त शोधायचं. पर्चेसवाल्यांना नको, ते तीन कोटेशन मागून सगळ्यात खालचा आकडा बघणार, त्यांची नोकरीच ती आहे. आपला माणूस मेंटेनन्सचा, युटिलिटीचा किंवा प्लँट हेड. सर्च बॉक्समध्ये हे टाक आणि मग पीपल फिल्टर लाव:

```
("maintenance manager" OR "utility manager" OR "plant head") AND (Chakan OR Ranjangaon)
```

त्यातले दहा जण निवडायचे, दहाच. आठवड्याला शंभराच्या आसपास रिक्वेस्ट गेल्या की लिंक्डइन अडवतं, पण आपल्याला तिथवर जायचंच नाहीये. प्रत्येकाचं प्रोफाइल खरोखर वाचायचं, कुठे काय कमेंट केलीय बघायचं. फुकटच्या अकाउंटला नोट लिहून रिक्वेस्ट पाठवायला महिन्याला मोजक्याच मिळतात, म्हणून त्या ज्यांच्याबद्दल खरंच काही बोलण्यासारखं आहे त्यांच्यासाठी राखून ठेव. नोट अशी:

"नमस्कार सर, ड्रायरनंतरही लाइनला पाणी येतं ही तुमची कमेंट वाचली. मी कॉम्प्रेस्ड एअरमध्येच आहे, सर्व्हिसमधून आलोय. ओळख असावी म्हणून रिक्वेस्ट पाठवतोय."

बस. ब्रोशर नाही, "पाच मिनिटं कॉल करू का" नाही. मी सुरुवातीला एकच मेसेज साठ जणांना चिकटवला होता, त्यात एका प्लँट हेड मॅडमना "डियर सर" गेलं आणि त्यांनी फक्त एक थम्ब पाठवला. तो थम्ब अजून आठवतो मला.

मंगळवारी सकाळी पोस्ट. आठवड्याला एक पुरे. पहिल्या दोन-तीन ओळींनंतर पोस्ट दुमडली जाते म्हणून आकडा वरच आला पाहिजे. पहिली लिहून देतोय:

"३ मिलिमीटरचं एक भोक. वर्षाला दीड-दोन लाख रुपये.

७ बारच्या लाइनला एवढं भोक असेल तर त्यातून मिनिटाला सहा-सातशे लिटर हवा जाते. ती हवा तयार करायला कॉम्प्रेसरला साधारण साडेतीन किलोवॅट लागतात. वर्षाला ६००० तास धरा, युनिटला ९ रुपये धरा: १ लाख ८९ हजार.

आणि भोक म्हणजे पाइप फुटलेला नसतो हो. एफआरएलचा सैल बाऊल, घासलेलं क्विक कपलर, मशीन विकलं तरी उघडी राहिलेली ड्रॉप लाइन. सुट्टीच्या दिवशी शॉपमध्ये एक चक्कर मारा आणि नुसतं ऐका.

तुमच्याकडे सगळ्यात जास्त कुठे गळतं?"

हे आकडे ढोबळ आहेत, भोकाची कड कशी आहे त्यावर कमी-जास्त होतं, कुणीतरी येऊन वाद घालेलच. घालू दे. वाद घालणारा नव्वद टक्के वेळा मेंटेनन्सवालाच असतो, म्हणजे आपलाच माणूस, त्याला नम्रपणे उत्तर दे, "बरोबर सर, कोइफिशियंट धरला तर कमी येईल" असं. पोस्टनंतर अर्धा तास मोबाइल हातात ठेव.

बुधवारी वीस मिनिटं फक्त दुसऱ्यांच्या पोस्टवर. "ग्रेट पोस्ट सर" लिहायचं असेल तर नको लिहूस. तीन कमेंट, पण त्यात काहीतरी माहिती पाहिजे. कुणी लिहिलं की उन्हाळ्यात कॉम्प्रेसर हाय टेम्परेचरला ट्रिप होतोय, तर विचार की रूममधली गरम हवा बाहेर जायला डक्ट आहे का, की तीच परत आत ओढली जातेय.

गुरुवार महत्त्वाचा. भोसरीला सुट्टी असते, मेंटेनन्सची माणसं शटडाऊनचं काम करत असतात नाहीतर घरी निवांत असतात, दोन्हीकडे मोबाइल बघतात. ज्यांनी रिक्वेस्ट घेऊन आठ-दहा दिवस झालेत, किंवा पोस्टवर काही बोललेत, त्यांना मेसेज:

"सर, कमेंटमध्ये तुम्ही म्हणालात की सुट्टीतही कॉम्प्रेसर मधूनमधून लोड घेतो. आज प्लँट बंद असेल तर लोड आणि अनलोडची मिनिटं फक्त बघून ठेवता का, पाच सायकल पुरतील. पाठवलीत तर लीकेज किती टक्के आहे ते काढून देतो. मशीन कुणाच्याही कंपनीचं असू दे."

आकडे आले की त्याच दिवशी उत्तर, तीन ओळींत. आणि त्यानंतरच विचारायचं की एकदा येऊन बघू का. नाही आले तर दोन आठवडे गप्प. मग एकदाच आठवण, आणि तिथे थांबायचं.

शुक्रवारी पंधरा मिनिटं, एक्सेल भरायचं. चार कॉलम: नाव, प्लँट, शेवटचं बोलणं काय झालं, पुढे काय. लाइक किती, व्ह्यूज किती हे कॉलम मी मुद्दाम ठेवलेले नाहीत. महिनाअखेरीला बॉसना हवा म्हणून तो लिंक्डइनचा एसएसआय, म्हणजे सोशल सेलिंग इंडेक्स, स्कोअर बघ, linkedin.com/sales/ssi वर मिळतो, चार गोष्टींना पंचवीस-पंचवीस असा शंभरपैकी असतो. माझा एकदा ७४ होता त्या महिन्यात ऑर्डर शून्य आणि ५८ होता तेव्हा दोन मशीन गेली, त्यावरून काय ते समज.

शनिवारी काही नाही. रविवारी तर नाहीच.

अजून एक, ते ऑटोमॅटिक रिक्वेस्ट पाठवणारं एक्स्टेन्शन तुझ्या लॅपटॉपला दिसलं मला. काढ ते आजच. लिंक्डइनला ते चालत नाही, अकाउंट अडकवतात, आणि नंबर, ओळखी, मेसेज सगळं त्यातच असतं आपलं.

पहिल्या दोन महिन्यांत इन्क्वायरीची वाट बघू नकोस. गेटवर सिक्युरिटीने आत फोन लावला आणि आतून "हां, तो लीकेजवाला, सोड त्याला" असं ऐकू आलं की मला सांग.

फोटोचं आपण शनिवारी उरकू, दुपारी चारला वर्कशॉपला ये, बाहेर शेडपाशी उजेड चांगला असतो. दाढी करून ये. आणि ते हेल्मेट नको घालूस, सगळेच घालतात.