डॉक्टर मॅडम, माझ्या वहीतल्या आकड्यांबद्दल

औसा, जि. लातूर
12 फेब्रुवारी

आदरणीय डॉक्टर मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

काल सकाळी मी काठीला हात न लावता घराच्या अकरा पायऱ्या चढून गच्चीवर गेले, वाळत घातलेल्या तुरी हलवल्या आणि तशीच खाली उतरले. ही गोष्ट सर्वांत आधी तुम्हाला कळवावी असे वाटले, म्हणून हे पत्र.

ऑगस्टमध्ये शेताच्या ओल्या बांधावरून पाय घसरला, उजव्या गुडघ्याखालचे हाड मोडले आणि प्लेट व स्क्रू बसवावे लागले. शस्त्रक्रिया नीट झाली होती; तरीही सहा आठवडे पाय न टेकवता पडून राहिल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस वॉकर घेऊन फिजिओथेरपीसाठी तुमच्याकडे आले, तेव्हा माझा गुडघा जेमतेम 40 अंश वाकत होता आणि झोपून पाय सरळ उचलायला सांगितल्यावर टाच गादीवरून सुटत नव्हती. तीस वर्षे मुलांना कोनमापक धरायला शिकवले, पण स्वतःच्या गुडघ्याचा कोन कुणी मोजेल असे कधी मनातही आले नव्हते. तुम्ही तो मोजला, गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटीमीटर वर टेप लावून दोन्ही मांड्यांचा घेर घेतला, उजवी मांडी चार सेंटीमीटरने बारीक झाल्याचे दाखवले आणि सारे आकडे माझ्याच वहीत माझ्याच हाताने लिहायला लावले. त्या वहीचे मोल मला पुढे कळले.

सर्जननी थोडा भार देण्यास परवानगी दिली, तेव्हा तुम्ही वजनकाटा जमिनीवर ठेवून त्यावर माझे पाऊल टेकवले आणि काटा दहा किलोच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असे बजावले. दहा किलो म्हणजे किती, हे पायाला त्या दिवशी समजले. त्याआधी मी भीतीने काहीच भार देत नव्हते किंवा तोल जाऊन नको तेवढा देत होते.

नोव्हेंबरमधले ते तीन आठवडे मात्र मी विसरू शकत नाही. गुडघा 90 अंशांवर अडला होता. घरच्यांनी मालीश करणाऱ्याला बोलावण्याचे ठरवले होते; "एकदा जोर लावला की मोकळा होईल," असे गावात जो तो सांगत होता, आणि दुखण्याला कंटाळून मीही मनातून तयार झाले होते. तुम्ही माझ्या मुलाला आणि सुनेला बोलावून अर्धा तास समजावलेत, की भरत आलेल्या हाडावर आणि आखडलेल्या सांध्यावर असा जोर लावला तर सूज वाढते, सांधा अधिकच घट्ट होतो आणि झालेले कामही बिघडू शकते. त्या दिवशी टेबलावर मी रडले. तुम्ही काही न बोलता वहीचे पहिले पान उघडून 40 या आकड्यावर बोट ठेवलेत आणि मग व्यायाम बदललात: टाच सरकवण्याचे फेरे कमी, पण दिवसातून जास्त वेळा, आणि त्यानंतर बर्फ. पुढच्या पंधरवड्यात 98 आला. एवढ्या संयमाने शिकवणारी माणसे मी माझ्या नोकरीतही थोडीच पाहिली.

येळवशीला शेतात जायचे, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून ठरवून घेतले होते. यंदा आंबिलाचे बिंदगे सुनेच्या डोक्यावर होते आणि मी डाव्या हातात काठी धरून, मध्ये दोनदा थांबून, तो एक किलोमीटर चालले. कोपीतल्या पांडवांची पूजा उभ्यानेच केली, भज्जी खुर्चीवर बसून खाल्ली. पण शेतात पोहोचले, ते माझ्या पायांनी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे तुमचे वाक्य आता माझी नात मला पायरीपाशी म्हणून दाखवते.

मागच्या मोजणीत कोन 122 आला, पाय पूर्ण सरळ होतो आणि मांडीतला फरक एका सेंटीमीटरवर आला आहे. मांडी घालून बसणे अजून पुरते जमत नाही आणि उकिडवे बसायचे नाही, हेही लक्षात आहे. त्याची घाई मी करणार नाही. सकाळ-संध्याकाळचे व्यायाम चालू आहेत.

तुम्ही माझ्यासाठी जे केलेत, त्याबद्दल मी आणि माझे सारे घर आपले मनापासून आभारी आहोत. पहिल्या दिवशी मला हात धरून टेबलावर चढवणाऱ्या तुमच्या सहायक ताईंनाही माझा नमस्कार सांगावा.

गुरुवारी मोजणीसाठी येत आहे. सोबत आमच्या शेतातल्या तुरीची, घरी जात्यावर भरडलेली दोन किलो डाळ आणते आहे, ती आपण ठेवून घ्यावी. जात्याचा खुंटा या वेळी मी स्वतः धरला होता.

आपली कृतज्ञ,
तुमच्या औशाच्या बाई
(सेवानिवृत्त शिक्षिका)