माहितीचा अधिकार (सुधारणा) विधेयक, २०१९ : मूळ अधिनियमाशी ताडून पाहिलेले टिपण

दिल्ली, २० जुलै २०१९

ताई,

काल लोकसभेत मांडलेलं विधेयक मूळ २००५च्या अधिनियमाशेजारी ठेवून वाचलं. सोमवारी ते चर्चेला येईल असं दिसतं, म्हणून आजच पाठवतो आहे. खाली दिलेला कलमांचा मराठी मजकूर माझा आहे. सभागृहात वाचून दाखवायची वेळ आली तर इंग्रजी पाठच धरा, दोन्ही प्रती सोबत आहेत.

विधेयक चार कलमांचं आहे. पहिल्यात नाव आणि अंमलाची तारीख येते, आणि ती तारीख केंद्र सरकार अधिसूचनेने ठरवणार. पुढची तीन कलमं मूळ अधिनियमाच्या १३, १६ आणि २७ या कलमांना हात लावतात. बाकी कशालाही नाही. बातम्यांवरून मात्र अख्खा कायदाच बदलतोय असं वाटतं.

कलम १३, केंद्रीय माहिती आयोग

पोटकलम (१), आज : मुख्य माहिती आयुक्त "पदभार स्वीकारल्याच्या दिनांकापासून पाच वर्षांच्या मुदतीसाठी" पद धारण करील.
विधेयकानंतर : "केंद्र सरकार विहित करील अशा मुदतीसाठी" पद धारण करील.

पोटकलम (२) मध्ये माहिती आयुक्तांसाठी हेच शब्द होते, तिथेही हीच अदलाबदल. बदल तेवढ्याच शब्दांचा आहे, वाक्याचं उरलेलं शेपूट तसंच राहतं. म्हणजे पुनर्नियुक्तीची बंदी कायम आणि ६५ वर्षांची वयोमर्यादाही कायम. "आता कितीही वर्षं ठेवता येईल" असं कुणी म्हणालं तर ते बरोबर नाही. धोका उलट बाजूने आहे : मुदत कमी करता येईल, आणि किमान किती हे विधेयकात कुठेच लिहिलेलं नाही.

एक गोष्ट विधेयक लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. पोटकलम (२) च्या दुसऱ्या परंतुकात म्हटलं आहे की माहिती आयुक्त पुढे मुख्य माहिती आयुक्त झाला, तर दोन्ही पदांवरचा त्याचा एकूण काळ पाच वर्षांहून जास्त असणार नाही. या परंतुकाला हात लावलेला नाही. पाचाचा आकडा मुख्य वाक्यातून जातो आणि परंतुकात राहतो. उद्या नियमांत मुदत तीन वर्षांची ठेवली, तर एका पदावर तीन आणि दुसऱ्यावर दोनच वर्षं मिळणार का? मंत्र्यांना हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर तयार असेल असं वाटत नाही.

पोटकलम (५) मात्र पूर्ण काढून नवं घातलं आहे. आज त्यात मुख्य माहिती आयुक्ताचं वेतन, भत्ते आणि सेवाशर्ती मुख्य निवडणूक आयुक्ताप्रमाणे, आणि माहिती आयुक्ताच्या निवडणूक आयुक्ताप्रमाणे आहेत. निवडणूक आयुक्तांचं वेतन १९९१च्या कायद्याने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकं ठरलेलं आहे, त्यामुळे ही साखळी थेट तिथपर्यंत पोचते. नव्या पोटकलमात या सगळ्याऐवजी फक्त "केंद्र सरकार विहित करील त्याप्रमाणे" एवढंच उरतं.

जुन्या (५) मधून आणखी एक गोष्ट निघून जाते, ती कुठल्याच बातमीत दिसली नाही. आयुक्ताला आधीच्या सरकारी नोकरीचं निवृत्तिवेतन मिळत असेल तर तेवढी रक्कम वेतनातून वजा करावी, असं एक परंतुक आहे. सरकारी कंपनी वा महामंडळाच्या निवृत्तिलाभांसाठी तसंच दुसरं आहे. दोन्ही गळली. ही वजावट नियमांत परत येईलही, पण आज ती कायद्यात आहे आणि उद्या नसेल.

राहिलेलं : नियुक्तीनंतर वेतन व शर्ती आयुक्ताला अपायकारक होतील अशा बदलता येणार नाहीत, हे परंतुक नव्या पाठातही आहे. "उद्या रागावले की पगार कापतील" हा मुद्दा म्हणून टिकत नाही, तो घेऊ नका.

नव्याने आलेलं : या सुधारणेआधी नेमलेल्या आयुक्तांना जुन्याच तरतुदी लागू राहतील, जणू ही सुधारणा अंमलात आलीच नाही, असं परंतुक. सध्याच्या आयुक्तांना झळ नाही.

कलम १६, राज्य माहिती आयोग

शब्दरचना १३सारखीच आहे, म्हणून पुन्हा लिहीत नाही. पाच वर्षांच्या एकूण मर्यादेचं परंतुक इथेही तसंच मागे राहिलं आहे. फरक आहे तो वेतनात. आज राज्य मुख्य माहिती आयुक्त निवडणूक आयुक्ताच्या बरोबरीला आणि राज्य माहिती आयुक्त राज्याच्या मुख्य सचिवाच्या बरोबरीला आहे. दोन्ही मोजमापं जातात, आणि त्यांच्या जागी "राज्य शासन" येत नाही, "केंद्र सरकार" येतं.

ताई, माझ्या मते चर्चेत सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. राज्य आयोगाच्या निवड समितीत मुख्यमंत्री असतात, नेमणूक राज्यपाल करतात, मुंबई-नागपूर-औरंगाबादच्या खंडपीठांसमोर येणारी अपिलं राज्याच्याच खात्यांविरुद्धची असतात. तरी त्या आयुक्तांची मुदत आणि पगार दिल्ली ठरवणार. उद्देश व कारणांच्या निवेदनात निवडणूक आयोग संविधानाच्या अनुच्छेद ३२४ खालचा आणि माहिती आयोग कायद्याने निर्माण झालेला, म्हणून दर्जात फरक हवा, असं कारण दिलं आहे. ते मान्य केलं तरी मुख्य सचिवाशी असलेली बरोबरी का तोडली, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. मुख्य सचिव काही संविधानिक पद नव्हे.

कलम २७, नियम करण्याचा अधिकार

पोटकलम (२) मध्ये खंड (सी) नंतर नवी भर पडते : मुदत, आणि वेतन-भत्ते-सेवाशर्ती, हे विषय नियमांच्या यादीत येतात. कलम १३ आणि १६ दोन्हींसाठी. काढलेलं काही नाही.

इथे जोड नीट बसलेला नाही. कलम २७ची सुरुवात "समुचित शासन नियम करू शकेल" अशी आहे, आणि राज्याच्या प्राधिकरणांच्या बाबतीत समुचित शासन म्हणजे राज्य शासन. कलम १६ म्हणतं केंद्र. दोन्ही एकत्र वाचल्यावर राज्य आयुक्तांबद्दलचे नियम नेमके कुणी करायचे? सरकारचं म्हणणं अर्थातच केंद्र असं असेल. मग कलम २९ प्रमाणे ते नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातील, विधानसभेपुढे नाहीत.

न बदललेलं, पण विचारलं जाईल असं

निवड समिती (कलम १२ व १५), पदावरून दूर करण्याची पद्धत (१४ व १७), आणि इतर कुणाच्या निर्देशाविना काम करण्याची स्वायत्तता (१२(४) व १५(४)). शब्दही बदललेला नाही. सरकारी बाकावरून हेच ऐकवलं जाईल. त्यावर २००५ सालच्या स्थायी समितीने निवडणूक आयोगाची बरोबरी स्वतः सुचवली होती, हे तुमच्याकडे असू द्या.

दुरुस्तीची सूचना द्यायची झाली तर दोन सुचवतो. विधेयकाच्या कलम ३ मध्ये "केंद्र सरकार" हे शब्द येतील तिथे तिथे "राज्य शासन" घालावेत. आणि कलम २ मध्ये "विहित करील अशा मुदतीसाठी" यानंतर "मात्र ती पाच वर्षांहून कमी नसेल" हे शब्द घालावेत. पहिलीला इतर राज्यांतल्या प्रादेशिक पक्षांची साथ मिळू शकेल. दोन्ही टंकून ठेवल्या आहेत, सही तेवढी हवी.