नमुना संख्या 400 ऐवजी 200 करण्याच्या सूचनेबाबत स्पष्टीकरण

फोंडा, गोवा
18 जून 2025

प्रति,
सदस्य सचिव,
संस्थात्मक नैतिकता समिती

विषय: उच्च रक्तदाबाच्या रुग्णांमध्ये 'एकच संयुक्त गोळी की दोन वेगळ्या गोळ्या' हा अभ्यास, सहभागींच्या संख्येबाबत

महोदय,

समितीचे पत्र मिळाले. 400 जणांना सहा महिने अडकवून ठेवण्यापेक्षा 200 जणांत काम भागणार नाही का, असा समितीचा प्रश्न आहे. सत्तरी तालुक्यातून दोन बस बदलून येणाऱ्या माणसाला वाढीव फेरी घालायला लावताना तो आम्हालाही पडला होता, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन ही दोन औषधे दोन्ही गटांना मिळणार आहेत. एका गटाला ती एकाच गोळीत, दुसऱ्याला वेगवेगळी. कोण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक पद्धतीने ठरेल. सहा महिन्यांनी किती जणांचे बीपी 140/90 च्या खाली आहे, एवढेच मुख्यतः पाहायचे आहे.

आमच्या ओपीडीतले दोन गोळ्यांवर असलेल्या 50 रुग्णांचे केसपेपर आम्ही आधी तपासले. त्यांतल्या 20 जणांचे, म्हणजे 40 टक्क्यांचे, बीपी आटोक्यात होते. संयुक्त गोळीने हे प्रमाण 55 टक्क्यांपर्यंत गेले तर औषधखरेदी बदलण्यासारखे काही हाती लागेल, असे आमच्या विभागाचे मत आहे. योगायोगाने चूक होण्याची शक्यता 5 टक्के आणि पॉवर, म्हणजे खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता, 80 टक्के धरून एका गटाचे गणित असे:

n = (1.96 + 0.84)² × (0.40×0.60 + 0.55×0.45) / (0.15)² = 169.9

म्हणजे 170. गळती 15 टक्के धरली, कारण काजूच्या हंगामात आणि चतुर्थीच्या दिवसांत आमची ओपीडी कशी ओस पडते हे समितीतल्या डॉक्टर सदस्यांना ठाऊक आहे. 170 ला 0.85 ने भागले की 200 येतात, दोन्ही गट मिळून 400.

केसपेपर फक्त 50 होते, त्यामुळे 40 टक्के हा आकडा थोडा इकडेतिकडे असू शकतो. पण त्याने फारसे बिघडत नाही. सुरुवात 35 धरली तर गटामागे 167 लागतात, 45 धरली तर पुन्हा 170च. संख्या हलते ती अपेक्षित फरकामुळे. इथे एक मोह होतो, तो कबूल करतो. आम्ही 15 ऐवजी 25 टक्क्यांचा फरक मिळेल असे लिहिले असते, तर गळतीसह एकूण 140 जणांत काम झाले असते आणि समितीने हा प्रश्न विचारलाही नसता. पण त्याच औषधांची फक्त गोळी बदलून एवढा फरक पडेल, असे आम्हाला वाटत नाही. उलट 10 टक्क्यांचा फरक शोधायचा तर 900 हून अधिक लोक लागतील. तेवढ्या लोकांना त्रास देण्याइतका तो फरक मोलाचा नाही, म्हणून तेही मागितले नाहीत.

आता 200 चे. गळती वजा जाता प्रत्येक गटात 85 जण उरतील. 15 टक्क्यांचा फरक खरोखर असला, तरी तो पकडण्याची शक्यता मग जेमतेम 51 टक्के राहते. हे छापा-काटा करण्यासारखेच झाले. फरक दिसला नाही तर 'संयुक्त गोळीचा उपयोग नाही' असा अर्थ लावून विषय बंद होईल, आणि त्या 200 जणांनी दिलेले रक्त व घातलेल्या फेऱ्या कुणाच्याच कामी येणार नाहीत. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही शास्त्रीय पाया आणि नैतिकता या गोष्टी वेगळ्या काढलेल्या नाहीत.

'आधी 200 घ्या, निकाल पाहा, लागले तर वाढवा' ही एका सदस्यांची सूचना सोयीची वाटते. मात्र मध्येच निकाल डोकावून पाहून पुढचे ठरवले, की खोटा फरक खरा वाटण्याची शक्यता 5 टक्क्यांवर थांबत नाही. पहिले 100 रुग्ण तीन महिने पूर्ण करतील तेव्हा पोटॅशियम, क्रिएटिनिन, चक्कर आणि पायांवरची सूज यांची नोंद समितीपुढे ठेवू. ती फक्त सुरक्षिततेसाठी असेल, बीपीचे गटवार आकडे त्यात नसतील.

त्रास कमी करण्याचा समितीचा हेतू मात्र पूर्ण मान्य आहे. प्रोटोकॉल पुन्हा वाचताना लक्षात आले की लिपिड प्रोफाइल आमच्या मुख्य प्रश्नासाठी लागतच नाही. सवयीने लिहिले गेले होते. ते काढले आहे. तीन महिन्यांची भेटही रुग्णाच्या नेहमीच्या औषध नेण्याच्या दिवशीच ठेवली आहे, म्हणजे वेगळी बस पकडावी लागणार नाही. सुधारित प्रोटोकॉल आणि मराठी व कोंकणी संमतीपत्रे सोबत जोडली आहेत. समितीच्या मंजुरीनंतर सीटीआरआय नोंदणी करून मगच पहिला रुग्ण घेऊ.

पुढच्या बैठकीला बोलावल्यास आमच्या संख्याशास्त्रज्ञांसह हजर राहीन.

आपला विश्वासू,
मुख्य संशोधक,
जनरल मेडिसिन विभाग