वय वाढलं की पचन मंद का होतं?

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्या आजी, आवाज येतोय ना?

मघाशी एक काका म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी चार पुरणपोळ्या जिरायच्या, आता एकीनेच पोट गच्च होतं." काका, तुमचं जठर आता पूर्वीसारखं ताणलं जात नाही, म्हणून थोडक्यातच पोट भरतं.

सुरुवात मात्र तोंडापासून होते. कवळी सैल असली की भाकरीचा तुकडा नीट चावला जात नाही, तसाच गिळला जातो. दूध पचवणारं विकर अनेकांत कमी होतं, म्हणून दुधाने गुबारा धरतो. त्यांना ताक बहुधा सोसतं.

लहान आतड्याचा वेग फारसा बदलत नाही. खरी ढिलाई मोठ्या आतड्यात. तिथल्या स्नायूंची हालचाल मंदावते, मळ जास्त वेळ पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि खडा होतो. त्यात म्हातारपणी तहानच कमी लागते. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी टाळणारेही इथे असतील, हसू नका!

सगळा दोष वयाचा नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो. मनाने बंद करू नका, गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा. रोज चूर्ण घेणाऱ्यांनीही ते सांगायचं, लपवायचं नाही.

शौचावाटे रक्त, काळा मळ, कारण नसताना घटलेलं वजन, किंवा अचानक बदललेली सवय, याला मात्र 'वय झालं' म्हणू नका. लगेच तपासून घ्या.

चला, आता प्रश्न विचारा.