प्रसूती रजेसाठी अर्ज

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
मा. मनुष्यबळ विभागप्रमुख,
भोसरी कारखाना, पुणे

विषय : 1 सप्टेंबर 2025 ते 1 मार्च 2026 या कालावधीसाठी प्रसूती रजा मिळण्याबाबत

महोदया,

मी जून 2021 पासून खरेदी विभागात वरिष्ठ अधिकारी आहे. ही माझी पहिलीच प्रसूती असून डॉक्टरांनी 6 ऑक्टोबर 2025 ही अंदाजे तारीख दिली आहे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मातृत्व लाभ कायदा, 1961 व त्यातील 2017 च्या सुधारणेनुसार मला वरील 26 आठवड्यांची भरपगारी रजा मंजूर करावी, ही विनंती. मी सोमवार, 2 मार्च 2026 रोजी कामावर रुजू होईन. प्रसूती आधी झाली, तर त्याच दिवशी माझे पती श्री. नीलेश आपल्याला कळवतील. रजेच्या काळातील रक्कम घेण्यासाठीही त्यांचेच नाव देत आहे. या काळात मी इतरत्र कोठेही काम करणार नाही.

कामाची व्यवस्था विभागप्रमुख श्री. देशमुख सरांशी बोलून ठरवली आहे. रोजच्या ऑर्डरी आणि बिलांची पडताळणी सायली पाहील. ती गेले वर्षभर माझ्यासोबतच हे काम करते आहे. कास्टिंगचे पुरवठादार मात्र श्री. गणेश यांच्याकडे असावेत, असे मला वाटते. दिवाळीत फाउंड्रीतले कामगार गावी जातात आणि भट्ट्या पूर्ववत सुरू व्हायला वेळ लागतो. यंदा लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येत असल्याने नोव्हेंबरचा माल सप्टेंबरअखेर मागवून ठेवावा लागेल. नाहीतर मशीन शॉपला थांबावे लागेल. त्या ऑर्डरींचे कच्चे मसुदे मी आताच करून ठेवते आहे. कोल्हापूरच्या पुरवठादाराकडे आपले तीन पॅटर्न आहेत. त्यांपैकी पंप हाउसिंगच्या पॅटर्नची दुरुस्ती बाकी आहे, तेवढे गणेश यांनी स्वतः जाऊन पाहावे. नुसत्या फोनवर ते काम होत नाही.

27 ऑगस्टला गणपती बसतात, त्याआधीच हस्तांतरण पूर्ण करेन. दरकरार, प्रलंबित तक्रारी आणि पुरवठादारांचे संपर्क असलेली फाइल 22 ऑगस्टला दोघांच्या हाती देईन. शेवटच्या आठवड्यात ऑर्डरी ते दोघे काढतील, मी शेजारी बसून पाहीन.

बाळंतपणानंतर सव्वा महिना मला फोन करू नये, अशी नम्र विनंती आहे. त्यानंतर एखादी गोष्ट खरोखरच अडली, तर सायलीने संदेश पाठवावा, मी सवडीने उत्तर देईन.

रुजू झाल्यावर बाळाला कारखान्याच्या पाळणाघरात ठेवण्याचा विचार आहे. तेथे जागेची नोंद आत्तापासून करता येईल का, ते कृपया कळवावे. बाळ अंगावर पीत असेल, त्यामुळे दिवसातून ठरावीक वेळा तेथे जाण्याची मुभा लागेल.

रजामंजुरीचे पत्र 31 जुलैपर्यंत मिळाल्यास पुरवठादारांना नव्या संपर्काची सूचना वेळेत देता येईल.

आपली विश्वासू,
मृणाल कुलकर्णी-जगताप
वरिष्ठ अधिकारी, खरेदी विभाग

सोबत : डॉक्टरांचे प्रमाणपत्र, कामाच्या हस्तांतरणाचा तक्ता
प्रत : श्री. देशमुख, खरेदी विभागप्रमुख