पगारपूर्व दैनिक तपासणी: बुधवार, २८ जानेवारी २०२६

चाकण कारखाना, हजेरीपटावर २१४. कालची प्रलंबित ११, त्यातली ४ सुटली, नवी २ आली; आज शिल्लक ९. शुक्रवारी दुपारी १२ वाजता पगारपत्रक बंद होईल, शनिवारी बँकेची फाइल जाईल.

बँक तपशील (६): शुक्रवारपर्यंत दुरुस्त न झाल्यास नावे फाइलमधून वगळायची

१०४२, प्रेस शॉप: आयएफएससी BKDN ने सुरू होतो, म्हणजे जुन्या देना बँकेचा. ती २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. नव्या पासबुकाचे पहिले पान हवे. कोडबरोबर खाते क्रमांकही त्यावरूनच घ्यावा.

१११७, असेंब्ली: खाते १६ अंकी. एक्सेलमध्ये शेवटचा अंक ० दिसतो, पासबुकात ७ आहे. एक्सेल १५ अंकांपुढचे शून्य करते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून क्रमांक पुन्हा टाइप करावा. नुसता फॉरमॅट बदलून हरवलेला अंक परत येत नाही. हाच सर्वांत धोकादायक प्रकार: तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्याच्याकडे जातील. एक रुपया पाठवून खातेदाराचे नाव जुळल्याशिवाय हिरवी खूण करू नये.

११३०, स्टोअर: आयएफएससीत पाचवे अक्षर इंग्रजी O आहे, तिथे शून्य हवे. दोन मिनिटांचे काम, तरी तीन दिवस पडून आहे.

१०९८, मेंटेनन्स: डिसेंबरचा पगार परत आला. खाते ‘स्मॉल अकाउंट’ आहे, त्यात वर्षभरात एक लाखापर्यंतच जमा होऊ शकते. शाखेत पूर्ण केवायसी करून घ्यायला सांगितले आहे.

११५१ आणि ११५२, पॅकिंग (आजची नवी): दोघांच्या फॉर्मवर एकच खाते. नवरा-बायको असतील, तरी प्रत्येकाचे स्वतःचे खाते किंवा संयुक्त खात्याचा पुरावा हवा. मुकादमाचे खाते निघाल्यास एचआर प्रमुखांना लगेच कळवावे.

कागदपत्रे (३): पगार थांबणार नाही

११४८, डिझाइन: पॅन नाही. वार्षिक पगार १५ लाख, त्यामुळे कर लागतोच, आणि पॅनविना तो किमान २० टक्के दराने कापावा लागेल. हे त्यांना आजच लेखी कळवावे, नाहीतर शनिवारी भांडण आपल्या टेबलावर.

११५३, असेंब्ली: यूएएन निघत नाही; फॉर्मवरचे आडनाव आधारशी जुळत नाही. आधारप्रमाणे दुरुस्ती करून उमंग ॲपवर चेहरा पडताळणी करून घ्यावी. पीएफचा भरणा १५ फेब्रुवारीपर्यंत.

११५४, पॅकिंग: पगार १९,५००, म्हणजे २१,००० च्या आत, ईएसआय क्रमांक काढायचा आहे. आधारची प्रत वाचता येत नाही, नवी मागवली आहे.

वगळलेल्यांचाही पगार हिशेबात धरायचा. तपशील नाही म्हणून तो अडवता येत नाही. ७ फेब्रुवारीच्या आत पूरक फाइलने किंवा नावे धनादेशाने द्यायचा. फोनवर सांगितलेला खाते क्रमांक कोणीही भरू नये.

पुढची यादी उद्या सकाळी १० वाजता.