तिळगूळ घ्या, गोड बोला: सोसायटीतल्या सर्वांना सणाच्या शुभेच्छा

भोगी, लोहडी, संक्रांत, उत्तरायण, खिचडी, पोंगल, माघ बिहू! या आठवड्यात आपल्या चारही विंगांतलं जे घर जो सण करतं, त्या घराला त्या सणाच्या मनापासून शुभेच्छा. सगळ्यांचा मिळून एकच कार्यक्रम न करता ज्याची रीत त्याची वेळ ठेवली आहे.

मंगळवारी, 13 तारखेला भोगीची पंगत संध्याकाळी साडेपाचलाच बसेल, म्हणजे जैन कुटुंबांचं जेवण सूर्यास्ताआधी होईल. त्यांच्यासाठी भाजीचं पातेलं आणि पळी वेगळी: त्यात पावटा, घेवडा, ओला हरभरा आणि तिळाचं कूट असेल; गाजर, वांगं, कांदा, लसूण नसेल. तीळ लावलेली बाजरीची भाकरी सगळ्यांना तीच.

आठ वाजता मैदानात लोहडी. पेव्हर ब्लॉक तडकतात, म्हणून आग लोखंडी घमेल्यात, खाली वाळूचा जाड थर घालून. लाकडं कोरडीच आणा, ओल्या लाकडांचा धूर वरच्या मजल्यांवर जातो. रेवड्या, शेंगदाणे, लाह्या समिती आणेल. दुल्ला भट्टीचं गाणं पंजाबी मंडळी म्हणतील. बाकीच्यांनी ओळीशेवटी ‘हो!’ म्हणायचं, तेवढं पुरे.

बुधवारी तिळगूळ. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिकीचा गूळ, पाव किलो दाण्याचं कूट, दोन चमचे तूप. यात साधारण ऐंशी छोटे लाडू होतात. पाकाचा थेंब पाण्यात टाकल्यावर त्याची घट्ट गोळी झाली की लगेच गॅस बंद. पाक पुढे गेला तर लाडू दगड होतात, कच्चा राहिला तर चिवट. वळताना मिश्रण सुकलं तर कढई मंद आचेवर धरा, पाणी घालू नका. दाण्यांची ॲलर्जी असलेल्यांसाठी नुसत्या तिळाचे लाडू निळ्या डब्यात, तेही वेगळ्या कढईत केलेले. कानडी घरांचं एळ्ळु-बेल्ल आणि बिहारी घरांचा तिळकूट त्याच टेबलावर असेल.

पतंग गच्चीवर, सुती दोऱ्यानेच. नायलॉन मांजावर बंदी आहे. त्याने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. तुटलेला दोरा गुंडाळून कचऱ्यात टाका, झाडावर सोडू नका.

गुरुवारी पहाटे आसामी कुटुंबांची मेजी पेटेल, तिची लाकडं बाजूला काढून ठेवली आहेत, त्यांना हात लावू नका. सकाळी साडेसातला क्लबहाऊससमोर पोंगलचं भांडं चढेल. दूध उतू जाऊ द्यायचं असतं, कुणी धावत जाऊन गॅस कमी करू नका! ‘पोंगलो पोंगल’चा गजर मात्र सगळ्यांनी करा.

शनिवारी पाच वाजता हळदीकुंकू. सधवा, विधवा, अविवाहित, कुठल्याही धर्माची असो, सोसायटीतल्या प्रत्येकीला बोलावणं आहे. घरकाम आणि साफसफाई करणाऱ्या ताईंनाही तेच वाण, त्याच रांगेत. कुंकू नको असेल तिला अत्तर आणि फूल. कुणी कारण विचारायचं नाही.

तिळगूळ घ्या, गोड बोला!

– सांस्कृतिक समिती